दोन पुलींचे व्यास आणि केंद्रांतर माहीत असताना पट्ट्याची लांबी कशी काढावी?

मंजिरी_द

नमस्कार. एका लहान यंत्रासाठी मोटरवरून मुख्य शाफ्टला व्ही-पट्ट्याने गती द्यायची आहे. पट्टा ‘ए’ सेक्शनचा असेल. पुली हाताशी आहेत, पट्टा मात्र अजून घेतलेला नाही आणि मोटरच्या बैठकीची भोकेही पाडलेली नाहीत. मोठ्या पुलीचा बाहेरच्या कडेवर मोजलेला व्यास ४०५.५ मिमी, लहान पुलीचा १०५.५ मिमी आणि दोन्ही शाफ्टच्या केंद्रांमधील अंतर ५०० मिमी ठेवण्याचा विचार आहे.

मी असा हिशेब केला की पट्टा प्रत्येक पुलीला अर्धा वेढा घालतो आणि मधले दोन सरळ भाग केंद्रांतराएवढे असतात. म्हणजे दोन्ही व्यासांची बेरीज ५११, तिला π/२ ने गुणून ८०२.७ आणि त्यात दुप्पट केंद्रांतर १०००, एकूण १८०२.७ मिमी. पडताळा म्हणून दोन्ही पुली जमिनीवर आडव्या ठेवून, केंद्रे ५०० मिमीवर पक्की करून, बाहेरच्या कडेवरून बारीक दोरा ताणून गुंडाळला, तर तो १८४८ मिमी भरला. दोरा दोनदा मोजला तरी तेच. हा ४५ मिमीचा फरक मोजमापातील चुकीचा वाटत नाही. तो कुठून येतो आणि पट्टा मागताना यांतली कोणती लांबी सांगायची?

सरळरेघ

फरक मधल्या सरळ भागांत आहे. एक पुली मोठी आणि एक लहान असल्यामुळे पट्टा केंद्ररेषेला समांतर जात नाही, तो तिरपा जातो. मोठ्या पुलीचा माथा लहान पुलीच्या माथ्यापेक्षा १५० मिमी उंच आहे. म्हणजे काटकोन त्रिकोणाची एक बाजू ५००, दुसरी १५० आणि कर्ण ५२२.०. असे दोन कर्ण मिळून १०४४.० आणि त्यात आपले ८०२.७ मिळवले की १८४६.७ मिमी. उरलेला सव्वा-दीड मिमी हा दोऱ्याचा ताण आणि टेपवरील रेघ यांचा आहे असे समजावे. पायथागोरसपुढे जाण्याची गरज नाही.

त्रिज्या

सरळरेघ यांचे उत्तर खऱ्या उत्तराच्या फार जवळ आहे, पण उरलेला सव्वा मिमी टेपचा नाही. मंजिरीताईंनी दोरा चांगलाच मोजला आहे.

एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत सरळ रेघ काढून पाहावी. मोठ्या पुलीच्या अगदी माथ्यावर तिचा काठ केंद्ररेषेला समांतर असतो. तिथून रेघ लहान पुलीकडे उतरू लागली की ती लगेच मोठ्या पुलीच्या आत शिरते. पट्टा लोखंडातून जाऊ शकत नाही, म्हणून तो माथ्यावर सुटत नाही. माथा ओलांडून पुढे काही अंशांपर्यंत तो पुलीला चिकटून राहतो आणि जिथे त्याची दिशा काठाच्या स्पर्शरेषेशी जुळते तिथे सुटतो. लहान पुलीवर उलट घडते, तिथे तो माथ्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन टेकतो. त्यामुळे मोठ्या पुलीवरचा वेढा अर्ध्याहून जास्त आणि लहान पुलीवरचा तेवढ्याच कोनाने कमी असतो. कोन सारखे असले तरी त्रिज्या सारख्या नाहीत, म्हणून मोठ्या पुलीवर वाढलेली लांबी लहान पुलीवर घटलेल्या लांबीपेक्षा जास्त भरते. दुसरीकडे, स्पर्शबिंदूंमधला सरळ भाग केंद्रांतरापेक्षा लांब नसून आखूडच असतो, कारण दोन्ही टोकांच्या त्रिज्या त्या सरळ भागाला काटकोनात असतात आणि त्रिकोणाचा कर्ण केंद्रांतर हा असतो. ही गोष्ट चित्र काढल्याशिवाय पटकन पटत नाही.

मोठा व्यास D, लहान d, केंद्रांतर C आणि सरळ भागाचा केंद्ररेषेशी असलेला कोन a मानला, तर

```
sin a = (D - d) / (2C)
L = 2C cos a + (π/2)(D + d) + a (D - d)
```

आपल्या आकड्यांत sin a = ३००/१००० = ०.३, म्हणून a = ०.३०४७ रेडियन, म्हणजे सुमारे साडेसतरा अंश. सरळ भाग मिळून ९५३.९, अर्ध्या वेढ्यांचे ८०२.७ आणि वेढ्यांतील वाढ-घटीचे ९१.४. एकूण १८४८.० मिमी, म्हणजे आपल्या दोऱ्याचेच माप.

हातानेच हिशेब करायचा असेल तर यासाठी एक सोपे रूप आहे, आणि कारखान्यांतल्या तक्त्यांत बहुधा तेच छापलेले असते:

```
L ≈ 2C + (π/2)(D + d) + (D - d)² / (4C)
```

शेवटचे पद ९०,०००/२००० = ४५ मिमी. आपल्या पहिल्या हिशेबात नेमके हेच राहिले होते. या रूपाने १८४७.७ येते, म्हणजे चूक ०.३५ मिमी, आणि ती नेहमी खऱ्या लांबीपेक्षा कमीच्या बाजूला असते. केंद्रांतर घटवले की चूक वाढते. याच पुली ३०० मिमीवर आणल्या तर सोप्या सूत्रात १.७ मिमी कमी येतील आणि माथ्यापासून माथ्यापर्यंतच्या त्रिकोणाने जवळपास ६ मिमी कमी येतील. पट्ट्याची लांबी मुळात इंचाच्या टप्प्यांनी मिळते, म्हणून पहिली चूक सोडून देता येते. दुसरी मात्र सोडू नये.

कैरव

त्रिज्या यांचे पूर्ण सूत्र मी गणकयंत्रावर घातले तर पट्ट्याची लांबी जवळपास सात मीटर आली. ६९९३ आणि वर काही. पाचशे मिमी अंतरासाठी सात मीटरचा पट्टा लागणार नाही एवढे कळते, पण चूक सापडत नाही. आकडे तर तेच आहेत.

त्रिज्या

आपले गणकयंत्र अंशांत आहे. शेवटच्या पदात a ला व्यासांच्या फरकाने गुणले आहे आणि ती कंसाची लांबी तेव्हाच मिळते जेव्हा a रेडियनमध्ये असतो. आपण १७.४६ ला ३०० ने गुणले, ते झाले ५२३७. sin आणि cos अंशांतही बरोबर येतात, म्हणून पहिली दोन पदे बिनचूक दिसतात आणि शंका येत नाही. संगणकावरील तक्त्यात ASIN हे फल रेडियनच देते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. A1 मध्ये मोठा व्यास, B1 मध्ये लहान आणि C1 मध्ये केंद्रांतर ठेवून हे लिहावे:

```
=2*C1*COS(ASIN((A1-B1)/(2*C1)))+PI()/2*(A1+B1)+(A1-B1)*ASIN((A1-B1)/(2*C1))
```

फिटर_जुना

गणित सुरेख झाले, पण १८४८ हे माप घेऊन पट्टा मागू नका. दोरा बाहेरच्या कडेवर होता. पट्टा कडेवर बसत नाही, खाचेत बसतो.

व्ही-पट्ट्याच्या आत ताण घेणारे दोर असतात. पट्टा वाकला की त्यांच्या बाहेरचे रबर ताणले जाते, आतले दाबले जाते आणि त्या दोरांच्या थराची लांबी मात्र बदलत नाही. सूत्रात घालायचा व्यास हा या थराचा, म्हणजे पिच व्यास. ‘ए’ सेक्शनच्या प्रमाण पुलीत पिच वर्तुळ बाहेरच्या कडेपासून सुमारे २.७५ मिमी आत असते, म्हणून बाहेरच्या व्यासातून ५.५ वजा करायचे. मंजिरीताईंच्या पुली त्या हिशेबाने सरळ ४०० आणि १०० च्या आहेत. कडेवर मोजलेला व्यास साडेपाचने संपत असेल तर बनवणाऱ्याने पिच व्यास पूर्ण आकड्यात ठेवला होता, हे ओळखायला सोपे असते.

त्रिज्या

फिटर_जुना यांनी सांगितलेल्या गोष्टीमुळे पूर्ण हिशेब पुन्हा करावा लागत नाही, हे यातले मला सर्वांत आवडणारे आहे. दोन्ही व्यासांतून सारखेच ५.५ वजा झाले, म्हणजे D - d तेच राहिले, कोन तोच राहिला, सरळ भाग तेच राहिले. बदल फक्त बेरजेच्या पदात झाला: ११ गुणिले π/२ = १७.३ मिमी. म्हणून पिच लांबी १८४८.० - १७.३ = १८३०.७ मिमी.

हाच फरक दुसऱ्या रीतीने पाहिला तर २π गुणिले २.७५ आहे. पुली केवढ्याही असोत, केंद्रांतर केवढेही असो, सरळ पट्ट्याच्या दोन थरांतील लांबीचा फरक थरांमधील अंतराच्या २π पट एवढाच असतो, कारण दोन्ही वेढे मिळून पट्टा एकच पूर्ण वळसा घेतो. चपट्या पट्ट्यातही हेच लागू आहे. तिथे लांबी न बदलणारा थर सुमारे अर्ध्या जाडीवर असतो, म्हणून पुलीच्या व्यासांवरून काढलेल्या लांबीत जाडीच्या π पट मिळवावे.

फिटर_जुना

म्हणूनच पट्ट्याच्या आतल्या लांबीपासून पिच लांबी काढायला एकच ठराविक आकडा पुरतो. ‘ए’ पट्टा ८ मिमी उंच, त्यातले २.७५ पिच थराच्या वर आणि ५.२५ खाली. २π ने गुणले की ३३ मिमी. जुन्या पद्धतीच्या क्रमांकात आतली लांबी इंचांत असते, म्हणजे ए-७१ ची आतली लांबी १८०३.४ मिमी आणि पिच लांबी सुमारे १८३६.४.

अनुस्यूत

तुमच्या ३३ बद्दल शंका आहे. माझ्याकडच्या तक्त्यात ‘ए’ साठी ३६ मिळवायला सांगितले आहे आणि दुसऱ्या एका तक्त्यात ३० आहे. सगळेच २π ने काढतात तर तीन आकडे कसे?

फिटर_जुना

थराची जागा प्रत्येक बनावटीत थोडी वेगळी धरली जाते आणि ‘आतली लांबी’ ताणाशिवाय मोजली की ताणाखाली मोजून उलट काढली, यावरही आकडा हलतो. ज्याचा पट्टा घ्याल त्याचाच तक्ता वापरा आणि दोन तक्ते मिसळू नका. पट्ट्यावर थेट पिच लांबी छापलेली असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

अनुस्यूत

ताणाखाली ३ मिमीने आकडा हलतो हे पटत नाही, पण राहू दे.

निनाद_७

माझेही जवळपास असेच आहे, म्हणून इथेच विचारतो. छापयंत्राच्या छोट्या यंत्रणेत २ मिमी पिचचा दातेरी पट्टा आहे, २० आणि ६० दात्यांच्या पुली, आणि २०० मिमीचा बंद पट्टा. दोन्ही पुलींचे बाहेरचे व्यास कॅलिपरने १२.२ आणि ३७.७ आले. वरच्या सूत्रातून उलट काढून केंद्रांतर ५९.४ ठेवले आणि भोके पाडली. पट्टा चढतच नाही. मी फिटर_जुना यांच्यासारखे बाहेरच्या व्यासातून काही वजाही केले नाही, मग आखूड कसा पडला?

त्रिज्या

दातेरी पट्ट्यात उलट बाजूने विचार करावा लागतो. तिथे ताण घेणारे दोर दात्यांच्या मुळाशी, म्हणजे पुलीच्या काठाच्याही बाहेर असतात. पिच वर्तुळ धातूच्या बाहेर हवेत असते, म्हणून व्यास मोजू नये, दात्यांवरून काढावा: दातेसंख्या गुणिले पिच भागिले π. आपल्या पुलींचे पिच व्यास १२.७३ आणि ३८.२० आहेत. आपण प्रत्येकी सुमारे अर्धा मिमी कमी धरला, त्यामुळे वेढ्यांची लांबी १.६ मिमी कमी मोजली गेली आणि ती लांबी सरळ भागांसाठी उपलब्ध आहे असे हिशेबाला वाटले. योग्य केंद्रांतर ५८.६ येते. ०.८ मिमी ही व्ही-पट्ट्यात कोणाच्या लक्षातही न येणारी गोष्ट आहे, पण दातेरी पट्ट्याचे दोर काचतंतूंचे असतात आणि जवळजवळ ताणले जात नाहीत. भोके लांबट करून घ्यावीत.

शाफ्टवाला

प्रश्न असा आहे ना, की शाफ्ट उलटा फिरवायचा असेल तर पट्ट्याला पीळ द्यावा लागतो आणि लांबी वाढते? त्याचे सूत्र वेगळे आहे, तिथे व्यासांची वजाबाकी नसून बेरीज येते.

मंजिरी_द

नाही, दिशा एकच हवी आहे. पण बेरीज का येते हे जाणून घ्यायला आवडेल.

त्रिज्या

पिळाच्या पट्ट्यात सरळ भाग एका पुलीच्या वरून सुटून दुसरीच्या खालून लागतो, म्हणून दोन्ही पुलींवरचा वेढा अर्ध्याहून सारख्याच कोनाने जास्त असतो आणि त्या कोनाचा sin (D + d)/(2C) असतो. शेवटच्या पदात म्हणून (D + d)²/(4C) येते. पण हा कोन मोठा असल्यामुळे सोपे रूप इथे लवकर ढिले पडते. ४००, १०० आणि ५०० या आकड्यांत सोप्या सूत्राने १९१०.४ येतात आणि खरी लांबी १९१३.२ आहे. व्ही-पट्ट्याला असा पीळ देऊ नये. चपट्या पट्ट्याला देता येतो, तोही केंद्रांतर लांब असेल तर, नाहीतर दोन्ही पदर एकमेकांना घासून कडा झिजतात.

एक गंमत मात्र आहे. पिळाच्या पट्ट्याची लांबी फक्त बेरजेवर अवलंबून असते. म्हणून पायऱ्यांच्या पुलीत प्रत्येक जोडीची बेरीज सारखी ठेवली की एकच पट्टा सगळ्या पायऱ्यांवर सारखा ताठ बसतो. सरळ पट्ट्याला हे लागू नाही. ४०० आणि १०० च्या शेजारी २५० आणि २५० ची पायरी केली तर बेरीज तीच, पण ४५ मिमीचे पद शून्य होते आणि पट्टा तेवढा सैल लोंबतो.

मंजिरी_द

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. पिच लांबी १८३०.७ हवी, त्यातून ३३ वजा करून आतली लांबी १७९७.७, म्हणजे ७०.८ इंच. असा पट्टा नसतोच. ए-७० घ्यावा की ए-७१, आणि त्या प्रत्येकासाठी केंद्रांतर किती धरावे? मोटरची बैठक ५०० च्या दोन्ही बाजूंना ३० मिमी सरकेल एवढी लांबट भोके पाडण्याची जागा आहे.

त्रिज्या

सोपे सूत्र C साठी उलटवता येते. वेढ्यांचा भाग आधी वजा करून घ्यावा:

```
b = L - (π/2)(D + d)
C = (b + √(b² - 2(D - d)²)) / 4
```

वेढ्यांचा भाग ७८५.४. ए-७१ साठी b = १८३६.४ - ७८५.४ = १०५१.०, वर्गमुळाखाली ९,२४,६०१, त्याचे मूळ ९६१.६, आणि C = ५०३.१ मिमी. ए-७० ची पिच लांबी १८११.० धरून b = १०२५.६ आणि C = ४८९.८ मिमी. वर्गमुळाआधी ऋण चिन्ह घेऊनही एक उत्तर मिळते, पण त्या अंतरावर दोन्ही पुली एकमेकींत घुसतील, म्हणून ते टाकून द्यावे.

पट्टा २५.४ मिमीने बदलला आणि केंद्रांतर १३.३ ने बदलले, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. पुली सारख्या असत्या तर बरोबर निम्मे झाले असते. सरळ भाग तिरपे असल्यामुळे केंद्रांतर एक मिमी वाढवले की पट्टा २ मिमी नव्हे तर १.९१ मिमी मागतो. अनुस्यूत यांचे ३६ धरले तरी केंद्रांतर दीड-पावणेदोन मिमीनेच हलेल, त्यामुळे त्या वादाचा इथे फारसा परिणाम नाही.

फिटर_जुना

केंद्रांतर निघाले म्हणजे काम संपले असे नाही. पट्टा चढवायला मोटर आत यायला हवी आणि पुढे पट्टा ढिला पडल्यावर बाहेर जायला हवी. लांबीच्या दीड टक्का आत आणि तीन टक्के बाहेर असा अंदाज बहुतेक जण धरतात. इथे ते २७ मिमी आत आणि ५५ मिमी बाहेर होतात, मिळून ८२. तुमच्याकडे एकूण ६० आहेत. ए-७१ घेतला तर आत ३३ मिळतात, ते पुरेसे आहेत, पण बाहेर फक्त २७. ए-७० घेतला तर बाहेर ४० मिळतात, पण आत जेमतेम २०, आणि पट्टा कडेवरून स्क्रूड्रायव्हरने उचलून चढवण्याचा मोह होईल. तसा चढवलेल्या पट्ट्याचे आतले दोर एका बाजूला तुटतात. पट्टा बाहेरून चांगला दिसतो आणि काही दिवसांनी खाचेत पलटी खातो. मी ए-७१ घेईन आणि भोके बाहेरच्या बाजूला आणखी ३० मिमी लांब करीन.

सरळरेघ

आजचे पट्टे पूर्वीसारखे वाढत नाहीत. तीन टक्के ही जुनी सवय आहे. पहिल्या काही तासांत पट्टा खाचेत बसतो तेवढाच काय तो फरक, त्याला २७ मिमी पुष्कळ झाले.

फिटर_जुना

पट्टा वाढत नसेल, पण त्याच्या बाजू झिजतात आणि तो खाचेत खाली उतरतो. तो दोन्ही पुलींत एक मिमी खाली उतरला की लांबीत २π, म्हणजे सहा मिमी सैल होतो आणि मोटर तीन मिमी बाहेर न्यावी लागते. खाचाही झिजल्या असतील तर दुप्पट.

सरळरेघ

तुमच्याच हिशेबाने २७ मिमीत पट्टा साडेआठ मिमी खाली उतरेल. त्याची उंचीच ८ आहे. तो त्याआधीच खाचेच्या तळाला टेकून घसरू लागेल आणि बदलावा लागेल.

मंजिरी_द

ए-७१ घेते. भोके लांब करण्याआधी बैठकीखालची पट्टी बाहेरच्या बाजूला ३० मिमीने वाढवता येते का ते पाहावे लागेल, कारण तिथे चौकटीचा आडवा कोन येतो. तो कोन न कापता निभावत असेल तर बाहेरचे २७ मिमीच ठेवीन. खाचेचा तळ पट्ट्यापासून किती खाली आहे हेही मोजून पाहते.